नवव्या दिवसाचा फोटो

"आई चांगली होती. दाढ काढली अन् हाड नासलं." गेली बावीस वर्षं मी कराड आणि सांगली इथं जबड्याची ऑपरेशनं करतो आहे, आणि हे वाक्य मी माण-खटावपासून जतपर्यंतच्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. आता ते फक्त ओपीडीच्या बाकावर राहिलेलं नाही. गावच्या पारावर ते सांगितलं जातं, तालुक्याच्या दंतवैद्याच्या दारात दहा माणसं उभी करून सांगितलं जातं. त्यापाठोपाठ दुसरंही येतं: "पाच दिवसांच्या गोळ्यांनी सूज उतरत होती. यांनी ऑपरेशन केलं आणि वर दीड महिना औषधं लावली. हा सगळा धंदा आहे."

या दोन्ही आरोपांना मी इथं उत्तर देणार आहे. ते करणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात राग नाही. आईच्या गालातून पू वाहताना ज्यानं पाहिलं, तो कुणाला तरी दोष देणारच. पण चुकीच्या जागी दोष दिला की पुढचा माणूस चुकीची गोष्ट शिकतो. तो दाढ काढायला घाबरतो आणि मेडिकलमधून गोळ्या आणून खात राहतो. जबड्याचं हाड नासतं ते बहुतेक वेळा त्याच वाटेनं.

एक केस सांगतो. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. खटाव तालुक्यातल्या एक आक्का, वय चौपन्न. डिसेंबरात त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला. हातात मोठं पिवळं पाकीट, त्यात जबड्याचा पूर्ण फोटो, म्हणजे ओपीजी. दाढ काढल्यापासून नवव्या दिवशी काढलेला. त्यानं तो स्वतःच माझ्या लाइटवर लावला आणि उजव्या बाजूला बोट ठेवलं. "हे बघा. सगळं कुरतडलंय. हे त्या डॉक्टरनं केलंय. लिहून द्या."

त्यानं बोट ठेवलं ती जागा बरोबर होती. खालची उजवी पहिली दाढ काढल्यानंतरचा खड्डा दिसत होता. तो असणारच, दाढ काढल्यावर खड्डा प्रत्येकाच्या फोटोत दिसतो. त्याच्या कडा रेखीव असतात, दाढेच्या मुळांचा ठसाच तो. पण या खड्ड्याच्या खाली, शिरेच्या नळीपर्यंत आणि मागच्या दाढेच्या मुळांखाली, वाळवी लागलेल्या लाकडासारखे काळे ठिपके आणि भेगा पसरल्या होत्या. कडा कुठंच धड नव्हत्या. मधोमध एक छोटा पांढरा तुकडा सुटा पडल्यासारखा दिसत होता, भोवती काळी कड. दंतवैद्याच्या पक्कडीचा हात तिथवर पोचत नाही.

मुलाला मी जे सांगितलं तेच इथं सांगतो. एक्स-रेला हाडातलं कॅल्शियम दिसतं. हाडात जंतू शिरले, मगज सुजला, पू झाला, तरी पहिले काही दिवस कॅल्शियम जागच्या जागी असतं आणि फोटो स्वच्छ येतो. साधारण तीस ते पन्नास टक्के कॅल्शियम विरघळल्याशिवाय फोटोत काळं दिसत नाही, आणि तेवढं विरघळायला दहा-बारा दिवस, कधी तीन आठवडे लागतात. सुटा पांढरा तुकडा दिसायला तर त्याहून जास्त काळ लागतो. मेलेला भाग जिवंत हाडापासून वेगळा पडावा लागतो, आणि हे काम आजूबाजूचं जिवंत हाड सावकाश कुरतडून करतं. म्हणजे फोटो आजचा असला तरी त्यात दिसतं ते दोन-तीन आठवड्यांपूर्वीचं.

आता हिशोब करा. दाढ काढून नऊ दिवस झालेत आणि फोटोत वाळवी लागलेलं हाड आणि सुटा तुकडा दिसतो आहे. नऊ दिवसांत हे होत नाही. मुलगा जो फोटो दंतवैद्याविरुद्धचा पुरावा म्हणून आणत होता, तोच फोटो सांगत होता की दाढ काढली त्या दिवशी हाड आधीच नासलेलं होतं. तो नवव्या दिवशी स्वच्छ आला असता आणि महिन्यानं असा आला असता, तर त्याची तक्रार मी मान्य केली असती. निदान नाकारली नसती.

मग मी आक्कांकडं वळलो. ओठाला मुंग्या येतात का, विचारलं. त्या म्हणाल्या, "दिवाळीच्या आधीपासनं हनुवटी मेल्यागत आहे. मिसरी लावताना बोट कुठं लागतंय ते कळत नव्हतं." दाढ काढली ती दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी शीर खालच्या जबड्याच्या आतून, हाडातल्या नळीतून जाते. हाडात पू साठला की ती दाबली जाते आणि ओठ बधिर होतो. दाढेला कीड लागल्यानं ओठ बधिर होत नाही, हिरडी सुजल्यानंही होत नाही. ओठ मेला म्हणजे आजार हाडाच्या आत पोचला. फोटोच्या आधी येणारी ही खूण आहे. तिला पैसे लागत नाहीत, फक्त कुणीतरी विचारावं लागतं. आक्कांना कुणी विचारलं नव्हतं, आणि मिसरीनं दाढेचा ठणका मारला जात होता म्हणून त्यांनीही सांगितलं नव्हतं. आपल्याकडच्या बायका दाढ दुखली की मिसरी जास्त लावतात. थोडा वेळ बरं वाटतं, आणि त्यात दोन-तीन महिने जातात.

शुगरबद्दलही मुलाचं म्हणणं होतं की ती दाढ काढल्यावर वाढली. जंतुसंसर्गानं शुगर वाढते, हे खरं आहे. पण आम्ही केलेली एचबीए१सी तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, आणि ती आली ११.४. नियंत्रणात असलेल्या माणसाची सातच्या आसपास असते. आक्कांच्या शुगरच्या गोळ्या सुगीत बंद झाल्या होत्या. रक्तही कमी होतं, हिमोग्लोबिन ८.७. वाढलेल्या शुगरमध्ये पांढऱ्या पेशी जंतूंवर नीट चालून जात नाहीत आणि बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात. अशा शरीरात किडलेल्या दाढेच्या मुळाशी असलेला पू बाहेर येण्याऐवजी हाडात पसरतो.

खालचाच जबडा का, असंही लोक विचारतात. खालच्या जबड्याच्या हाडाची बाहेरची भिंत जाड आणि घट्ट असते, आणि आतल्या मगजाला रक्त मुख्यतः एका धमनीतून मिळतं. तीच शिरेच्या नळीतून जाते. आत पू झाला की जाड भिंतीमुळं तो फुगू शकत नाही, दाब वाढतो आणि धमनी दबते. वरून तो पू हाडाच्या बाहेरच्या आवरणाला उचलतो, तेव्हा बाहेरून येणारं रक्तही तुटतं. रक्त तुटलं की हाड मरतं. या आजाराबद्दल एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुढचं सगळं कळतं.

त्यावरूनच दुसऱ्या आरोपाचं उत्तर मिळतं. गणपतीपासून आक्कांनी मेडिकलमधून तीन वेळा पाच-पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या होत्या. दर वेळी सूज उतरली. मुलाचा सवाल बिनतोड वाटावा असा होता: "गोळ्या लागू होत होत्या ना? मग त्याच दिल्या असत्या अजून." गोळीतलं औषध रक्तातून जातं. गालाच्या मांसात रक्त भरपूर, म्हणून तिथले जंतू मेले आणि सूज उतरली. मेलेल्या हाडाच्या तुकड्यात रक्त जात नाही, म्हणून औषधही जात नाही. त्या तुकड्याच्या भेगांत जंतू चिकट थर करून बसतात, पाच दिवस थांबतात आणि गोळ्या संपल्या की परत गालात उतरतात. सूज उतरली यावरून गालाचं कळतं, हाडाचं कळत नाही. अशा तीन फेऱ्यांनी तीव्र आजाराचा जुनाट हाड्याव्रण होतो. जंतू औषधाला सरावतात ते वेगळंच. महिन्याहून जास्त काळ चाललेल्या आजाराला आम्ही जुनाट म्हणतो, आणि जुनाट आजार औषधावर एकट्यानं बरा होतो असं मी क्वचित पाहिलं आहे.

म्हणून ऑपरेशन. पुस्तकात त्याची निरनिराळी नावं आहेत. काम असं: मेलेला तुकडा काढायचा, भोवतीचं सडकं हाड खरवडून उघडी बशीसारखी जागा करायची म्हणजे पू कोंडणार नाही, आणि गरज पडली तर बाहेरची जाड भिंत काढून जिवंत मांस थेट मगजावर टेकवायचं, म्हणजे रक्त परत येईल. कुठं थांबायचं हे फोटो सांगत नाही, हाड सांगतं. मेलेलं हाड कोरडं, पिवळट आणि खडूसारखं असतं. त्यावर बर फिरवला तर पांढरी भुकटी उडते, रक्त येत नाही. जिवंत हाडात पोचलं की टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके एकामागून एक उमटायला लागतात. ते चारी बाजूंनी दिसले की थांबायचं. आक्कांचा सुटा तुकडा चिंचोक्याएवढा होता आणि चिमट्यात धरताच बाहेर आला. मागची दाढ हलत होती, तीही काढावी लागली. खाली जबड्याची कड शाबूत होती म्हणून पट्टी लावायची वेळ आली नाही. तीही गेली असती तर जबडा मोडला असता, आणि मग पायाचं हाड आणून बसवण्यापर्यंत गोष्ट गेली असती.

काढलेल्या हाडाचे आम्ही दोन भाग केले. एक फॉर्मॅलिनच्या बाटलीत, एक निर्जंतुक सलाइनच्या बाटलीत. हे मुद्दाम सांगतो, कारण यातली चूक मी अनेकदा पाहिली आहे. सगळं फॉर्मॅलिनमध्ये टाकलं तर जंतू मरतात आणि कल्चर रिकामं येतं. गालावरच्या छिद्रातून वाहणाऱ्या पुवाचं कल्चर केलं तर बऱ्याचदा कातडीवरचे जंतू सापडतात, हाडातले नाहीत. फॉर्मॅलिनमधला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचाच असतो, कारण न भरणारा खड्डा आणि कुरतडलेलं हाड हे तोंडाच्या कॅन्सरमध्येही असंच दिसतं. मिसरी, तंबाखू, गुटखा यांच्या मुलखात हा तुकडा न तपासता औषधं देत राहणं मला गुन्ह्यासारखं वाटतं. आक्कांचा रिपोर्ट स्वच्छ आला: मेलेलं हाड, पेशींची रिकामी घरं, जंतूंच्या वसाहती. कॅन्सर नव्हता. कल्चरमध्ये तोंडातलेच स्ट्रेप्टोकॉकस वाढले. कधी त्याच तुकड्यात ॲक्टिनोमायसिस सापडतो, आणि मग पेनिसिलिन सहा आठवडे नाही, सहा महिने किंवा त्याहून जास्त द्यावं लागतं. तो रिपोर्ट हातात नसेल तर हे कळणारच नाही.

आता सहा आठवडे का, हे सांगतो. हे दिवस शेवटच्या ऑपरेशनपासून मोजायचे, आधीच्या गोळ्या त्यात धरायच्या नाहीत. खरवडलेल्या हाडावर जिवंत मांसाचं आवरण धरायला आणि तिथं नवं रक्त खेळायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर औषधानं राखण करावी लागते. अगदी सहाच, पाच किंवा सात का नाहीत, यामागं लोखंडासारखा भक्कम पुरावा आहे असं मी म्हणणार नाही. अनुभवानं ठरलेला तो आकडा आहे, आणि माणूस पाहून तो कमीजास्त करावा लागतो.

पण एका बाबतीत आरोप करणाऱ्यांना माझा पाठिंबा आहे. सहा आठवडे सलाइन लावून माणसाला दवाखान्यात झोपवून ठेवायची गरज बहुतेकांना नसते. 2019 साली ब्रिटनमधल्या हजाराहून अधिक रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाडा-सांध्यांच्या जंतुसंसर्गात पहिल्या सहा आठवड्यांत योग्य निवडलेली तोंडी औषधं शिरेतल्या औषधांपेक्षा कमी पडत नाहीत, असं त्यात दिसलं. त्यात प्रामुख्यानं हातापायांची हाडं होती, जबडे नव्हते, त्यामुळं तो जसाच्या तसा इथं लावता येत नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. आक्कांना आम्ही चौदा दिवस शिरेतून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड दिलं, 1.2 ग्रॅम दिवसातून तीनदा, आणि इन्सुलिन. मग घरी पाठवून क्लिंडामायसिनच्या गोळ्या. चौथ्या आठवड्यात त्यांना पातळ जुलाब सुरू झाले. सुनेनं त्याच संध्याकाळी फोन केला, म्हणून आम्ही ते औषध लगेच थांबवून दुसरं दिलं. क्लिंडामायसिननं आतड्याचा गंभीर आजार होऊ शकतो. जुलाब झाले म्हणून सगळ्याच गोळ्या गुपचूप बंद करणारे असतात, आणि तेच दोन महिन्यांनी गालाला नवं छिद्र घेऊन येतात.

दंतवैद्याला मी पूर्ण निर्दोष म्हणतो का? नाही. त्यानं दाढ काढण्याआधी फोटो काढायला हवा होता. शुगर विचारून थांबायला नको होतं, तपासायला हवी होती. ओठाला हात लावून विचारायला हवं होतं. दाढ काढणं ही चूक नव्हती. किडलेली दाढ हा जंतूंचा झरा असतो, तो बंद करावाच लागतो. न तपासता काढणं आणि काढल्यावर परत पाच दिवसांच्या गोळ्या देऊन पाठवणं ही चूक होती, आणि ती मी त्या मुलाला स्पष्ट सांगितली. शिवाय काही माणसं अशी आहेत ज्यांच्या बाबतीत "दाढ काढली अन् हाड नासलं" हे वाक्य खरं ठरू शकतं: ज्यांच्या जबड्याला कॅन्सरसाठी शेक दिलेला आहे, आणि ज्यांना हाडात पसरलेल्या कॅन्सरसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडची इंजेक्शनं चालू आहेत. शेकानं हाडाचं रक्त कायमचं कमी होतं. या इंजेक्शनानं हाडाची झीज-भर थंडावते. तिथं निरोगी खड्डाही भरत नाही. अशा माणसाच्या दाढा शेक किंवा इंजेक्शन सुरू होण्याआधी पाहून घ्यायच्या असतात. आपल्या भागात शेक घेतलेले तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण थोडे नाहीत, आणि त्यांना हे आधी सांगणारे फार कमी भेटतात.

"हे सगळं कोरोनामुळं होतं, आता संपलं," असंही ऐकतो. 2021च्या दुसऱ्या लाटेनंतर वरच्या जबड्याचे रुग्ण आले, ते मी विसरलेलो नाही. त्यांच्या दाढा ओळीनं हलत होत्या, टाळू काळी पडली होती, काहींचा डोळा सुजला होता. ती म्युकरमायकोसिस होती, बुरशी. त्याच वर्षी 20 मे रोजी केंद्रानं राज्यांना ती नोंदणीसक्तीची करायला सांगितलं. वरच्या जबड्याला अनेक वाटांनी रक्त मिळतं, त्याच्या भिंती पातळ असतात, म्हणून साध्या जंतूंनी तो सहसा नासत नाही. ही बुरशी रक्तवाहिनीतच शिरून ती बुजवते, म्हणून तोही मेला. तिथं अँटिबायोटिक निरुपयोगी, ॲम्फोटेरिसिन लागतं, आणि मेलेलं हाड तितक्याच घाईनं काढावं लागतं. कोरोना ओसरला, पण बेताल शुगर इथंच आहे. वरच्या दोन-तीन दाढा एकदम हलायला लागल्या आणि शुगर जास्त असली तर आजही माझ्या मनात पहिल्यांदा तीच बुरशी येते.

आक्कांचा मुलगा ऑपरेशननंतर महिन्यानं नवा फोटो घेऊन आला तेव्हा परत घाबरलेला होता. आधीपेक्षा खड्डा मोठा दिसत होता. "वाढलंय का?" त्यानं विचारलं. पू थांबला होता, छिद्र मिटलं होतं, रक्तातली सीआरपी उतरली होती, आक्का मऊ भाकरी कुस्करून खात होत्या. मोठा खड्डा आम्हीच केलेला होता, आणि नवं हाड तयार होत असलं तरी त्यात कॅल्शियम भरायला अजून महिने लागणार होते. फोटो अजूनही मागेच होता. या वेळी मी काही बोलायच्या आत त्यानं स्वतःच जुना नवव्या दिवसाचा फोटो काढून शेजारी लावला आणि दोन्हींकडं बराच वेळ पाहत उभा राहिला.

सहा महिन्यांनी खड्ड्याच्या तळाशी आणि कडांना धूसर जाळी दिसली, नव्या हाडाची. ओठाची संवेदना अर्धीमुर्धी परत आली. चहा पिताना उजव्या कोपऱ्यातून थेंब ओघळतो तो आक्कांना अजून कळत नाही, सून पदरानं पुसते.